उसाची साखर, अऱ्हेनियस आणि एक सरळ रेषा

मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांचे प्रयोग-अहवाल वाचण्यासाठी मला बोलावणे आले होते. प्रयोग जुनाच. उसाची साखर पाण्यात विरघळवून त्यात आम्ल घालायचे, निरनिराळ्या तापमानांना साखरेचे विघटन किती वेगाने होते ते मोजायचे, वेगस्थिरांकाचा लॉगॅरिदम आणि निरपेक्ष तापमानाचा व्यस्त यांचा आलेख काढायचा आणि त्या रेषेच्या चढावरून सक्रियण ऊर्जा काढायची. बहुतेकांची उत्तरे प्रति मोल शंभर किलोज्यूलच्या आसपास आली होती, म्हणजे ठीकच होती. पण जवळजवळ प्रत्येक अहवालाचे शेवटचे वाक्य एकच होते: ‘आलेख सरळ रेषा आला, यावरून अऱ्हेनियसचे समीकरण सिद्ध होते.’ मी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. एका विद्यार्थिनीने ती पाहून विचारले, ‘‘मॅडम, रेषा तर सरळ आलीय. मग चूक काय?’’

तिथे उभ्याउभ्या जे उत्तर दिले ते तोकडे होते. नीट उत्तर द्यायचे तर १८८९ सालाकडे जावे लागते. गंमत अशी, की अऱ्हेनियसने आपला विचार मांडला तो याच प्रयोगाच्या आकड्यांवर. त्याच्या त्या प्रसिद्ध लेखाचे नावच मुळी ‘आम्लांमुळे होणाऱ्या उसाच्या साखरेच्या इन्व्हर्जनचा वेग’ अशा अर्थाचे आहे.

इन्व्हर्जन हा शब्द कुठून आला ते आधी पाहू. साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश गेला की त्याची पातळी उजवीकडे वळते. साखरेचे विशिष्ट वलन सुमारे +६६.५ अंश असते. पाण्याशी क्रिया होऊन साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज झाले, की मिश्रण प्रकाश डावीकडे वळवते, कारण फ्रुक्टोजचे डावे वलन ग्लुकोजच्या उजव्या वलनापेक्षा जास्त असते. वळण उलटले म्हणून इन्व्हर्जन. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ज्याला ‘पोल’ म्हणतात, तो आकडा याच गुणधर्मावर आणि याच उपकरणाने, म्हणजे पोलॅरिमीटरने, काढलेला असतो. साखर उताऱ्याच्या चर्चेमुळे आपल्याकडे ऊसकऱ्यांच्या घरीही तो शब्द पोहोचला आहे. १८५० साली लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने पोलॅरिमीटरवर डोळा ठेवून साखरेचे इन्व्हर्जन वेळेनुसार मोजले आणि दाखवले, की कोणत्याही क्षणी क्रियेचा वेग त्या क्षणी शिल्लक असलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. रासायनिक क्रियेचा वेग गणिती नियमात बसवण्याचा हा पहिला यशस्वी प्रयत्न मानला जातो. शिल्लक साखर दर मिनिटाला कोणत्या दराने घटते ते सांगणारा आकडा म्हणजे वेगस्थिरांक, k.

तापमान वाढवले की k वाढतो हे विल्हेल्मीच्या काळीही ठाऊक होते. प्रश्न होता तो किती वाढतो आणि का, हा. अऱ्हेनियसच्या हाती श्पोर या संशोधकाने मोजलेले आकडे होते. ते असे:

| तापमान (°से.) | T (केल्विन) | १०००/T | k | ln k |
|---|---|---|---|---|
| २५ | २९८ | ३.३५६ | ९.६७ | २.२६९ |
| ४० | ३१३ | ३.१९५ | ७३.४ | ४.२९६ |
| ४५ | ३१८ | ३.१४५ | १३९ | ४.९३४ |
| ५० | ३२३ | ३.०९६ | २६८ | ५.५९१ |
| ५५ | ३२८ | ३.०४९ | ४९१ | ६.१९६ |

मधले आणि शेवटचे दोन स्तंभ आपल्या सोयीसाठी मी काढले आहेत. k कोणत्या एककात आहे याची चिंता नको. एकक बदलले तर सगळे k एकाच संख्येने गुणले जातील, सगळे ln k एकाच संख्येने वर किंवा खाली सरकतील आणि रेषा उचलली जाईल. तिचा चढ मात्र तसाच राहील.

वेग इतका का वाढतो?

तक्त्यात तापमान ३० अंशांनी वाढले आहे आणि वेग पन्नास पटींहून अधिक वाढला आहे. २५ अंशांजवळ हिशेब केला तर एका अंशाला सुमारे १५ टक्के वाढ होते, ५५ अंशांजवळ १२-१३ टक्के. आपण हा आकडा वाचतो आणि पुढे जातो. अऱ्हेनियस इथेच थांबला. त्याचा सगळा युक्तिवाद ‘एका अंशाला १५ टक्के म्हणजे फारच झाले’ या आश्चर्यातून उभा राहिला आहे.

तापमान वाढल्याने रेणू जलद धावतात, जास्त वेळा आदळतात, म्हणून क्रिया वाढते, असे आपण वर्गात सहज सांगून टाकतो. ते पडताळून पाहू. रेणूंचा वेग निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. २९८ वरून २९९ केल्विनला गेले तर तो १ टक्का तर सोडाच, ०.१७ टक्क्यानेच वाढतो. म्हणजे आदळण्याच्या संख्येतून १५ टक्के निघणे अशक्य. बरे, द्रावणात पाण्याची विष्यंदिता तापमानाबरोबर कमी होते आणि रेणूंना हालचाल सोपी होते. पण ती घट अंशाला सुमारे २ टक्के असते. तेही पुरत नाही. मग आम्लातील हायड्रोजन आयन वाढतात का? तीव्र आम्ल विरल द्रावणात आधीच जवळजवळ पूर्ण आयनीभूत असते. तिथे वाढायला जागाच नाही. आयनीभवनाचा सिद्धांत अऱ्हेनियसचा स्वतःचाच असल्याने हा मुद्दा त्याला चांगलाच ठाऊक होता.

एकेक वाट बंद झाल्यावर उरले काय? साखर स्वतः. द्रावणात जी साखर आपण घातली, ती सगळी एकाच प्रकारची नसावी, असे त्याने सुचवले. बहुतेक रेणू ‘निष्क्रिय’ आणि अगदी थोडे ‘सक्रिय’. क्रिया होते ती सक्रिय रेणूंचीच. निष्क्रिय रेणूंपासून सक्रिय रेणू उष्णता शोषून तयार होतात आणि दोहोंमध्ये समतोल असतो. तापमान वाढवले की सक्रिय रेणूंची संख्या अंशाला १२ ते १५ टक्के वाढते आणि क्रियेचा वेगही तितकाच वाढतो.

समतोल म्हटला की त्याचे तापमानाशी नाते १८८४ साली व्हान्ट हॉफने सांगून ठेवलेले होते. समतोल स्थिरांकाचा लॉगॅरिदम १/T बरोबर सरळ रेषेत बदलतो आणि त्या रेषेचा चढ शोषल्या जाणाऱ्या उष्णतेवर अवलंबून असतो. वेग जर सक्रिय रेणूंच्या प्रमाणात असेल, तर हेच नाते वेगस्थिरांकालाही लागू झाले पाहिजे:

ln k = ln A − Ea/RT

म्हणजे १/T हा क्रमाने आला तो असा. अनेक आलेख काढून पाहिले, त्यातला हा सरळ आला, असे घडलेले नाही. आधी एक कल्पना मांडली, मग तिच्यावरून १/T आले आणि मग आकड्यांशी तुलना झाली. अहवालात ‘कारणमीमांसा’ या मथळ्याखाली विद्यार्थ्यांनी जे लिहायला हवे ते हे आहे. बहुतेक अहवालांत तिथे फक्त समीकरण उतरवलेले असते.

आता वरच्या तक्त्यातून चढ काढू. आडव्या अक्षावर १/T, उभ्या अक्षावर ln k. सर्वांत जुळणारी रेषा काढली तर चढ उणे १२,८०० केल्विन येतो. (नुसते २५ व ५५ अंशांचे दोन आकडे घेतले तरी जवळजवळ तोच.) याला वायुस्थिरांक ८.३१४ ने गुणले की १,०६,४०० ज्यूल प्रति मोल, म्हणजे १०६ किलोज्यूल. अऱ्हेनियसच्या काळी उष्णता कॅलरीत मोजत आणि वायुस्थिरांक २ धरत. त्यामुळे त्याच्या सूत्रात उष्णता भागिले दोन असे रूप दिसते. १२,८०० ची दुप्पट २५,६०० कॅलरी, ती ज्यूलमध्ये बदलली की १०७ किलोज्यूल. उरलेला फरक वायुस्थिरांक अचूक १.९८७ न धरता २ धरल्याचा.

या चढावरून मधल्या तापमानांचे k काढून पाहिले तर ४० अंशांना सुमारे ७६ (मोजलेला ७३.४), ४५ ला १४४ (मोजलेला १३९) आणि ५० ला २६९ (मोजलेला २६८) असे आकडे येतात. जुळणी चांगली आहे. मग सिद्ध झाले की नाही?

तीन सरळ रेषा

त्या विद्यार्थिनीला मी नंतर याच तक्त्यावर एक खटाटोप करायला सांगितला. शिक्षकांनी तो वर्गात जरूर करून घ्यावा, अर्ध्या तासाचे काम आहे.

अऱ्हेनियसच्या आधी, १८६२ साली, बर्थेलोने ln k हा थेट तापमानाच्या प्रमाणात वाढतो असे सुचवले होते. १८९५ साली ऑक्सफर्डच्या हारकोर्ट आणि एसन या जोडीने ln k हा ln T च्या प्रमाणात वाढतो असे म्हटले. तेव्हा एकाच k चे तीन आलेख काढायचे. आडव्या अक्षावर एकदा T, एकदा ln T, एकदा १/T. डोळ्यांना तिन्ही सरळ दिसतात. पट्टी लावूनही फारसे वेगळे दिसत नाही. म्हणून रेषेचे दोन तुकडे करायचे, २५ ते ४० आणि ४० ते ५५, आणि दोन्ही तुकड्यांचे चढ वेगवेगळे काढायचे. रेषा खरोखर सरळ असेल तर ते सारखे आले पाहिजेत.

T घेतले तर पहिल्या तुकड्याचा चढ ०.१३५, दुसऱ्याचा ०.१२७. सहा टक्क्यांची घट. १/T घेतले तर पहिला १२,६०० आणि दुसरा १३,०००, म्हणजे तीन टक्क्यांची वाढ. आणि ln T घेतले तर पहिला ४१.३, दुसरा ४०.६, फरक दोन टक्क्यांच्या आत. श्पोरच्या या आकड्यांपुरते बोलायचे तर हारकोर्ट-एसनची रेषा अऱ्हेनियसच्या रेषेपेक्षा किंचित अधिकच सरळ आहे! अर्थात हा विजय मानायचे कारण नाही. एखादा k पाच टक्क्यांनी चुकला तर या तुकड्यांचे चढ अडीच टक्क्यांनी हलतात. म्हणजे हे आकडे हारकोर्ट-एसन आणि अऱ्हेनियस यांच्यात निवाडा करूच शकत नाहीत. बर्थेलोची रेषासुद्धा फेटाळायला ते जेमतेमच पुरतात.

कारण सोपे आहे. २९८ पासून ३२८ पर्यंतचा टप्पा निरपेक्ष तापमानाच्या दृष्टीने अगदी लहान आहे, दहा टक्क्यांचा. वळणदार रस्त्याचा छोटा तुकडा सरळच दिसतो. तसे T, ln T आणि १/T हे तिघेही इतक्या लहान टप्प्यात एकमेकांशी जवळजवळ सरळ रेषेत असतात.

मग इतर सूत्रे मागे पडली आणि अऱ्हेनियसचे टिकले, ते कशाच्या बळावर? आकड्यांच्या जुळणीवर नव्हे. ४१ या घातांकाला पुढे काही अर्थ जोडता आला नाही. १२,८०० ला R ने गुणले की प्रति मोल ऊर्जा मिळते, आणि ती रासायनिक बंधांच्या ऊर्जेशी, क्रियेच्या उष्णतेशी, उत्प्रेरकाच्या परिणामाशी ताडून पाहता येते. हे घडायलाही वेळ लागला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ट्राउट्झ आणि लुईस यांनी वायूंच्या क्रियांसाठी रेणूंच्या आघातांची संख्या व सक्रियण ऊर्जा यांचा मेळ घातला, आणि १९३५ साली आयरिंग तसेच एव्हान्स व पोलान्यी यांनी संक्रमण अवस्थेची कल्पना मांडली. ‘सक्रिय साखर’ नावाचा पदार्थ काही कुणाला बाटलीत सापडला नाही. आजच्या समजुतीनुसार आधी साखरेच्या दोन घटकांना जोडणाऱ्या ऑक्सिजनवर हायड्रोजन आयन बसतो, तो समतोल झटकन साधतो, आणि मग कार्बन-ऑक्सिजन बंध तुटण्याची सावकाश पायरी घडते. आपण मोजलेल्या १०६ किलोज्यूलमध्ये त्या समतोलाची उष्णता आणि त्या बंधाचा अडथळा अशा दोन्ही गोष्टी मिसळलेल्या आहेत. म्हणून काटेकोर अहवालात तिला ‘दृश्य सक्रियण ऊर्जा’ म्हणतात. ‘बंध तोडायला १०६ किलोज्यूल लागले’ असे लिहिणे चुकीचे आहे.

मुंबईच्या हवेतला प्रयोग

हा प्रयोग उपनगरातल्या प्रयोगशाळेत करताना पहिली अडचण हवेचीच येते. एप्रिल-मे सोडाच, जानेवारीतही दुपारी खोलीचे तापमान तिशीच्या आसपास असते, आणि पाणपात्र फक्त तापवू शकते, थंड करू शकत नाही. त्यामुळे मुलांचे पहिले माप ३२ अंशांना आणि शेवटचे ४७ ला असते, कारण त्याहून वर क्रिया इतकी जलद होते की वाचने घेता घेता दमछाक होते. पंधरा अंशांच्या या टप्प्यात दोन्ही टोकांच्या k मध्ये दहा दहा टक्क्यांची चूक धरली, तर सक्रियण ऊर्जेत सुमारे ८ किलोज्यूलची अनिश्चितता येते. उत्तर ९८ आले काय किंवा ११४ आले काय, दोन्ही मान्यच करावी लागतील. अहवालात मात्र ‘९८.३७’ लिहिलेले असते. गणकयंत्राने दिले म्हणून!

दहा टक्के चूक म्हणजे निष्काळजीपणा असेही नाही. वरच्याच हिशेबाने तापमान अर्ध्या अंशाने चुकले तर k सात टक्क्यांनी चुकतो. तापमापी पाणपात्रात बुडवलेला असतो आणि क्रिया चंचुपात्रात चाललेली असते. आम्ल कपाटातून काढून थेट ओतले तर मिश्रण पाण्याच्या तापमानाला यायला काही मिनिटे लागतात. साखर व आम्ल दोन्ही वेगवेगळी पात्रात ठेवून आधी तापवावीत आणि तापमापी मिश्रणातच धरावा. चूक झाली असेल तर ती ओळखताही येते. प्रत्येक तापमानाच्या स्वतंत्र आलेखात, म्हणजे शिल्लक साखरेचा लॉगॅरिदम आणि वेळ यांच्या आलेखात, पहिले दोन-तीन बिंदू रेषेपेक्षा सपाट पडतात. मिश्रण तेव्हा थंड होते, असा त्याचा अर्थ. याच आलेखाची शेपटी वाकलेली असेल तर दोष शेवटच्या वाचनात शोधावा. फ्रुक्टोजचे वलन तापमानाबरोबर ठळकपणे बदलते. त्यामुळे क्रिया पूर्ण झाल्यानंतरचे वाचन बाकीच्या वाचनांच्याच तापमानाला घेतले नाही, तर वजाबाकी चुकते आणि शेवटी साखर थोडी उरली असताना ती चूक सर्वांत मोठी दिसते. म्हणजे शेवटच्या आलेखावर हात ठेवण्याआधी, त्याला बिंदू पुरवणारे हे छोटे आलेख तपासायला हवेत. अहवालाला ते जोडलेले नसतील तर मी तरी पुढचा आकडा वाचत नाही.

आकडेमोडीतल्या दोन चुका नेहमीच्या. पहिली, सेल्सिअसचा व्यस्त घेणे. श्पोरच्या आकड्यांवर तसे केले तर रेषा उघडपणे वाकते. दुसऱ्या तुकड्याचा चढ पहिल्याच्या दुप्पट येतो, आणि ऊर्जा दीड किलोज्यूलच्या आसपास. इतक्या छोट्या अडथळ्याने क्रिया अंशाला १५ टक्के वाढणार नाही, हे वर पाहिलेल्या युक्तिवादावरून लगेच कळावे. दुसरी चूक लबाड आहे. आलेख दहाच्या पायाच्या लॉगॅरिदमचा काढायचा आणि चढाला २.३०३ ने गुणायचे विसरायचे. रेषा सुंदर सरळ येते, ऊर्जा मात्र ४६ किलोज्यूल. हा आकडा हास्यास्पद वाटत नाही, म्हणून निसटतो. त्यात भर म्हणजे यीस्टमधील इन्व्हर्टेज या विकराने हीच क्रिया घडवली तर सक्रियण ऊर्जा पन्नासच्या खाली असल्याचे पाठ्यपुस्तकात वाचायला मिळते, आणि ‘पुस्तकाशी जुळले’ म्हणून विद्यार्थी समाधानाने निष्कर्ष लिहून मोकळा होतो. ही चूक पकडायला आलेखाची गरजच नाही. ऊर्जा ४६ असती तर ३० अंशांना तापमानातील एका अंशाच्या वाढीने k सहा टक्क्यांनी वाढला असता. तक्त्यातला k मात्र त्याच्या दुपटीहून जास्त वेगाने वाढतो आहे.

एकच क्रिया, पण वाट वेगळी असली की चढ वेगळा, हे विसरले की रेषा भलतीकडे ताणली जाते. साखर कारखान्यातला कच्चा रस थोडा आम्लधर्मी असतो. सारखीच आम्लता धरून आपल्या चढावरून हिशेब केला तर ३० अंशांच्या तुलनेत १०० अंशांना इन्व्हर्जन सुमारे पावणेतीन हजार पट जलद होईल. रस उकळण्याआधी त्यात चुना घालून आम्लता का मारतात ते यावरून समजते. पी.एच. पाचवरून सातवर नेला की हायड्रोजन आयन शंभर पटींनी घटतात. तरी १०० आणि ३० अंशांच्या वेगांतला फरक पूर्ण भरून निघत नाही, म्हणून रस जास्त वेळ तापत ठेवूनही चालत नाही. हा अंदाज म्हणून ठीक. पण आपली मापे ५५ अंशांपर्यंतचीच आहेत आणि ती रेषा १०० पर्यंत ताणलेली आहे, हे शेजारी लिहिले पाहिजे.

हाच हिशेब घाटकोपर स्टेशनबाहेरच्या रसवंतीतल्या ग्लासाला किंवा तोडून दोन दिवस शेतात पडलेल्या उसाला लावला तर मात्र तो साफ चुकेल. तिथे साखर उलटते ती मुख्यतः उसातल्या विकराने आणि जिवाणूंमुळे, आम्लाने नव्हे. चढ कमी असतो. त्यामुळे थंड हवेतही ती क्रिया आपल्या रेषेच्या अंदाजाइतकी मंदावत नाही. उलट साठ अंशांच्या आसपास विकर निकामी होऊ लागले की आलेख सरळ न राहता डावीकडे, म्हणजे जास्त तापमानाच्या बाजूला, खाली वाकतो. असा वाक दिसला तर मध्यातून पट्टीने रेषा मारून चढ काढू नये. तो चढ कोणत्याच एका क्रियेचा नसतो.

त्या विद्यार्थिनीने पुढच्या आठवड्यात थर्मोकोलच्या खोक्यात बर्फ व पाणी घेऊन २० अंशांना एक जास्तीचे माप घेतले. सगळी दुपार गेली, कारण त्या तापमानाला क्रिया फार सावकाश चालते आणि अधूनमधून बर्फाचा खडा टाकत राहावे लागते. पण तो एक बिंदू बाकीच्यांपासून दूर असल्याने त्याने रेषेला चांगला आधार दिला. टप्पा १५ अंशांऐवजी २७ अंशांचा झाला आणि अनिश्चितता जवळजवळ निम्मी. सुधारित अहवालाचा शेवट तिने असा केला: ‘२० ते ४७ अंशांच्या टप्प्यात ln k आणि १/T यांचा आलेख मापनाच्या चुकीच्या मर्यादेत सरळ आहे. सक्रियण ऊर्जा एकच आहे असे धरल्यास ती १०३ ± ४ किलोज्यूल प्रति मोल येते. ln k आणि ln T यांचा आलेखही तितकाच सरळ आहे. १/T निवडण्याचे कारण वरील कारणमीमांसेत दिले आहे.’ त्या अहवालावर मला पेन्सिल वापरावी लागली ती एकाच ठिकाणी. बर्फाच्या पाण्यात तापमापी नेमका कुठे होता, ते तिने लिहिलेले नव्हते.